कंपनी बुडाली, पगार अडकला: कामगारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या युनियनच्या कार्यालयात थकीत पगाराची फाइल घेऊन येणारा माणूस सहसा एकच वाक्य बोलतो, "साहेब, कायद्यात कामगार पहिला आहे ना?" कागदावर तो बराच वर आहे. पण हातात किती पडणार, हे त्या जागेइतकंच तारखांवरही ठरतं. गेल्या काही वर्षांत फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गेटसभेत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कंपनीनं गेटला कुलूप लावलं, मालक फोन उचलत नाही. म्हणजे कंपनी दिवाळखोर झाली का?

नाही. कुलूप लावणं म्हणजे टाळेबंदी किंवा बंद, दिवाळखोरी नव्हे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, अर्ज दाखल करून घेण्याचा आदेश देतं तेव्हाच कंपनी 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली जाते. महाराष्ट्रातल्या कंपन्यांची प्रकरणं मुंबई खंडपीठासमोर चालतात.

हा आदेश झालेला नसेल, तर तुमचे नेहमीचे मार्ग खुले आहेत. कारखाना बंद झाल्यामुळे काम गेलं, तर वेतन संहितेनुसार दोन कामकाजी दिवसांत सगळं वेतन चुकतं करावं लागतं. ते मिळालं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. जुन्या वेतन प्रदान कायद्यात त्यासाठी 12 महिने मिळत, आता तीन वर्षं मिळतात. तीनशे किंवा जास्त कामगारांचा कारखाना सरकारच्या परवानगीशिवाय बंद केला, तर तो बंदच बेकायदेशीर ठरतो आणि कामगारांचे सगळे लाभ चालू राहतात.

माझं स्पष्ट मत आहे की या काळात बसून राहू नका. एनसीएलटीचा आदेश एकदा झाला की वसुलीचं दार बंद होतं (प्रश्न 4). त्याआधी मिळालेला वसुलीचा आदेश किंवा लेखी कबुली पुढे पुरावा म्हणून सोन्याची ठरते.

2. एनसीएलटीत केस लागल्याचं पेपरात वाचलं. आता पहिलं काय करायचं?

फॉर्म डी भरायचा. कामगार आणि कर्मचारी यांच्या दाव्याचा हा नमुना आहे आणि त्याला फी नाही. आदेश झाल्यावर अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल (पुढे आरपी म्हणू) नेमला जातो. तो एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात जाहीर सूचना देतो. तीच सूचना ibbi.gov.in या संकेतस्थळावरही असते. दावा पाठवण्याचा पत्ता, ई-मेल आणि शेवटची तारीख तिच्यातच दिलेली असते. ही तारीख साधारणपणे आरपीच्या नेमणुकीपासून 14 दिवसांची असते.

चौदा दिवस गेले म्हणून हातपाय गाळू नका. आदेशापासून 90 दिवस किंवा कंपनी घेऊन देणी भागवण्याची योजना खरेदीदारांकडून मागवण्याची तारीख, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत उशिराचा दावा घेतला जातो. उशिराचं कारण मात्र लिहावं लागतं.

फॉर्ममध्ये नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, एकूण रक्कम, ती कशी थकली, काही वाद किंवा खटला असल्यास त्याचा तपशील आणि बँक खातं लागतं. टपालानं, हातोहात किंवा ई-मेलनं, कसाही पाठवला तरी चालतो. माणसं बरीच असतील तर एक अधिकृत प्रतिनिधी सगळ्यांचा मिळून फॉर्म ई देऊ शकतो.

सगळ्यात मोठी चूक रकमेत होते. लोक फक्त थकलेला पगार लिहितात. शिल्लक रजेचे पैसे, बोनस, नोटिशीचा पगार, बंदमुळे देय असलेली भरपाई आणि ग्रॅच्युइटी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. मागितलंच नाही ते आपणहून कोणी देत नाही.

3. पगारपत्रकं सगळी कंपनीच्या ॲपवर होती, ॲप बंद पडलं. पुरावा कुठून आणू?

ही नव्या काळाची अडचण आहे. पूर्वी लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत पंधरा वर्षांच्या पावत्या आणायचे. आता कंपनीनं सॉफ्टवेअरचं बिल थकवलं की त्याच दिवशी सगळ्यांची पगारपत्रकं अदृश्य होतात. पगार थकायला लागला की पहिल्याच महिन्यात सगळं उतरवून घ्या, असं आम्ही आता गेटवरच सांगतो.

ती वेळ गेली असेल तरी मार्ग उरतो. बँकेचं पासबुक काढा. पगार किती येत होता आणि कोणत्या महिन्यापासून येणं थांबलं, हे त्यात उघड दिसतं. पीएफच्या पासबुकात कंपनीनं कोणत्या मूळ वेतनावर भरणा केला ते महिन्यागणिक असतं. फॉर्म 16, ईएसआय कार्ड, नेमणूकपत्र, हजेरीचं कार्ड, पगार मागणारा तुमचा ई-मेल यांतलं जे असेल ते जोडा. प्रकरण पुढे समापनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्यावर गेलं, तर दावा न केलेल्या कामगाराचीही रक्कम कंपनीच्या हिशेबवह्यांवरून धरण्याची मुभा अवसायकाला, म्हणजे ही विक्री आणि वाटप करणाऱ्याला आहे. पण ती मुभा आहे, सक्ती नाही.

4. कामगार न्यायालयात आमची केस शेवटच्या टप्प्यात होती. ती थांबवली म्हणतात. हे बरोबर आहे का?

हो. एनसीएलटीनं अर्ज दाखल करून घेतला की कलम 14 ची स्थगिती लागते. कंपनीविरुद्धचे दावे, आदेशांची अंमलबजावणी, जप्ती, बँकेची तारणविक्री, सगळं एकदम गोठतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेला वसुलीचा दाखलाही तिथेच अडकतो.

तुमचा निकाल लागलेला असेल तर तो वाया जात नाही. त्याची प्रत फॉर्म डीला जोडा, आरपीला रक्कम नाकारणं अवघड जातं. निकाल लागलेला नसेल तर केसचा क्रमांक आणि मागणीची रक्कम लिहा. "केस चालू आहे, तिचं बघू" म्हणून फॉर्म न भरणारे शेवटी दोन्हीकडून हुकतात.

5. माझ्या पत्रावर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय. मी कामगार की कर्मचारी?

यावर तुमची रांगेतली जागा ठरते (प्रश्न 6), म्हणून हा प्रश्न मनावर घ्या. दिवाळखोरी संहितेनं 'कामगार' शब्दाची व्याख्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातून घेतली आहे. तिथे पदाचं नाव बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार ठरतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा ठरत नाही. देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा आहे. जुन्या कायद्यात ती महिना 10,000 रुपये होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 18,000 आहे.

लक्षात घ्या, ही मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांना आहे. महिना 60,000 घेणारा टूलरूममधला माणूस मशीन स्वतः चालवत असेल तर तो कामगारच. गेल्या वीस वर्षांत कंपन्यांनी सरसकट सगळ्यांना 'एक्झिक्युटिव्ह' करून टाकलं, ते पत्र बघून आरपीचा कारकून नाव दुसऱ्या यादीत टाकतो. म्हणून फॉर्मसोबत एक साधं निवेदन जोडा: मी रोज काय करत होतो, माझ्या हाताखाली कोणी होतं का, रजा मंजूर करण्याचा अधिकार मला होता का.

6. पैसे वाटताना कामगारांचा नंबर कितवा?

कंपनी समापनात गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, की कलम 53 लागतं. ही एक उतरंड आहे. वरचं मडकं भरून वाहिलं तरच खालच्यात थेंब पडतो.

सगळ्यात वर प्रक्रियेचा खर्च. त्याखाली एकाच पातळीवर दोघं: कामगारांची 24 महिन्यांची देणी आणि आपलं तारण अवसायकाच्या हवाली केलेल्या बँका. त्याखाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारची देणी, मग उरलेली सगळी देणी आणि शेवटी भागधारक.

आकड्यांत बघू. उदाहरण कल्पित आहे, पण प्रमाण रोजच्या अनुभवातलं आहे. एका कारखान्याची जागा आणि मशिनरी विकून 12 कोटी आले. प्रक्रियेचा खर्च 1 कोटी गेला, उरले 11. दुसऱ्या पायरीवर कामगारांचे 4 कोटी आणि बँकेचे 18 कोटी, असे 22 कोटी मागणारे उभे. म्हणजे रुपयाला 50 पैसे. कामगारांना 2 कोटी, बँकेला 9 कोटी. पैसे संपले. अकाउंट्सचा मॅनेजर आणि एचआरची बाई तिसऱ्या पायरीवर आहेत, त्यांच्या वाट्याला शून्य.

'कामगार बँकेच्या बरोबरीनं' याचा खरा अर्थ हा आहे. बँकेचं कर्ज जितकं अवाढव्य, तितका कामगाराचा रुपया लहान होतो. आणि पाचव्या प्रश्नातला फरक किती पैशांचा आहे, तेही इथे दिसतं.

पगार बुडाला तर सरकारी निधीतून ठरावीक महिन्यांचा पगार देण्याची सोय जर्मनी-ब्रिटनमध्ये आहे. तसा निधी आपल्याकडे नाही. जे काही मिळायचं ते कंपनीच्या मालमत्तेतूनच.

7. आमचा पगार तर पाचच महिन्यांचा थकलाय. 24 महिन्यांच्या आत आहे, मग पूर्ण धरणार ना?

इथेच बहुतेकांचा घात होतो. ते 24 महिने कारखाना बंद पडल्यापासून मोजत नाहीत, अर्ज दाखल झाल्यापासूनही नाही. समापनाचा आदेश ज्या दिवशी होतो, त्या दिवसापासून मागे मोजतात.

वरच्याच कारखान्यातला एक फिटर घ्या. पगार महिना 26,000. सप्टेंबर 2022 पासून जानेवारी 2023 पर्यंत पाच महिने पगार नाही, मग कारखाना बंद. एनसीएलटीनं एप्रिल 2023 मध्ये प्रकरण दाखल करून घेतलं. खरेदीदार शोधण्यात दीड वर्ष गेलं, कोणी आलं नाही, आणि 15 ऑक्टोबर 2024 ला समापनाचा आदेश झाला. मागे 24 महिने मोजले की खिडकी 15 ऑक्टोबर 2022 ला उघडते. सप्टेंबरचा पूर्ण आणि ऑक्टोबरचा जवळपास अर्धा पगार खिडकीबाहेर. थकलेल्या 1,30,000 पैकी सुमारे 39,000 तळाच्या 'उरलेल्या देण्यां'त घसरले, तिथे काही पोचत नाही. उरलेल्या 91,000 वर रुपयाला 50 पैसे धरले तर 45,500 रुपये.

आता हाच आदेश पाच महिने उशिरा, 15 मार्च 2025 ला झाला असता तर? खिडकी 15 मार्च 2023 ला उघडली असती. पाचही महिने बाहेर. पगाराच्या मदात शून्य. फिटरनं काही चूक केलेली नाही, फक्त तारखा पुढे गेल्या.

संहितेनं प्रक्रियेला 330 दिवसांची मर्यादा घातली आहे, पण ती अनेकदा उलटते. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये जमिनीवर आली आणि सर्वोच्च न्यायालयानं समापनाचा आदेश दिला 7 नोव्हेंबर 2024 ला, साडेपाच वर्षांनी. म्हणून युनियननं तारखेवर तारीख पडत असताना गप्प बसू नये. कामगारांच्या बाजूनं 'लवकर निकाली काढा' असा अर्ज देणं हे या कलमामुळे थेट पैशाचं काम आहे.

शिल्लक रजेचे पैसे आणि भरपाई नोकरी संपल्यावर देय होतात. कंपनी चालू न ठेवता समापनाचा आदेश झाला, तर तो आदेशच सगळ्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस मानला जातो. या रकमा जुन्या महिन्यांच्या नाहीत, हे दाव्यात ठासून लिहा.

8. बँकेनं आपलं तारण वेगळं काढून मशिनरी स्वतःच विकली. मग आमचा वाटा बुडाला का?

बुडायला नको. तारणधारक बँकेला उतरंडीबाहेर राहून विक्री करण्याचा हक्क आहे. पण समापनाच्या नियमांतला नियम 21अ सांगतो की बाहेर राहिलेल्या बँकेनंही, ती आत असती तर खर्चापोटी आणि कामगारांपोटी जितका भार तिच्यावर आला असता, तितकी रक्कम अवसायकाकडे भरायची. समापन सुरू झाल्यापासून 90 दिवसांत. अवसायकाला एक पत्र लिहून विचारा: अमुक बँकेनं 21अ खालची रक्कम भरली का, किती, कधी. हे पत्र गेल्यावर फाइल हलल्याचं मी पाहिलं आहे. हा नियम समापनानंतरचा आहे, त्याआधीच झालेल्या विक्रीला तो लागत नाही.

9. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा याच रांगेत?

नाही, आणि ही यातली सगळ्यात मोठी दिलाशाची गोष्ट आहे. कलम 36(4) नुसार भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगार-कर्मचाऱ्यांना देय असलेली रक्कम कंपनीच्या वाटपयोग्य मालमत्तेत धरतच नाहीत. ती उतरंडीच्या बाहेर, पूर्ण द्यायची. इथे कामगार आणि मॅनेजर असा भेदही नाही, 24 महिन्यांची खिडकीही नाही.

प्रश्न 7 मधल्या फिटरची 18 वर्षं नोकरी झाली होती. सोयीसाठी सगळा पगार मूळ आणि महागाई भत्ता धरू. 26,000 भागिले 26 गुणिले 15, म्हणजे वर्षाला 15,000. अठरा वर्षांचे 2,70,000. पगाराच्या मदात 45,500 हातात आले, त्याच्या जवळपास सहापट रक्कम ग्रॅच्युइटीची. म्हणून फॉर्ममध्ये ही ओळ विसरणं किती महागात पडतं ते बघा.

गुंता ग्रॅच्युइटीत आहे. कलमात शब्द 'निधी' असा आहे. कंपनीनं ग्रॅच्युइटी ट्रस्ट किंवा विमा कंपनीत निधी केलेलाच नसेल तर? एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणानं फेब्रुवारी 2020 मधल्या एका निकालात म्हटलं की निधीच नसेल तर तो उभा करायला अवसायकाला सांगता येणार नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये जेट एअरवेजच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायाधिकरणानं पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या असा आदेश नव्या खरेदीदाराला दिला, आणि 30 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. दाव्यात ग्रॅच्युइटी पूर्ण आणि उतरंडीबाहेरची म्हणून मागा. शिवाय 'हे अमान्य झाल्यास कामगारांची देणी म्हणून धरावी' असं पर्यायी वाक्य घाला.

पीएफ कापला पण भरला नाही, असं पासबुकात दिसलं तर फक्त आरपीकडे थांबू नका. पीएफ कार्यालयालाही महिन्यांच्या यादीसह लिहा, कारण ते कार्यालय स्वतः दावा दाखल करतं.

10. आरपी आल्यानंतर आठ महिने आम्ही कामावर जात होतो. त्या काळाचा पगार कुठे धरायचा?

कारखाना खरंच चालू होता का आणि तुम्ही खरंच काम केलं का, यावर आहे. एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 19 एप्रिल 2022 ला हे स्पष्ट केलं. आरपीनं कंपनी चालती ठेवली आणि माणसानं प्रत्यक्ष काम केलं, तर त्या काळाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात जातो, म्हणजे उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यात, पूर्ण. काम बंदच होतं आणि माणूस फक्त हजेरीपटावर होता, तर ती रक्कम प्रश्न 6 मधल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर.

म्हणून आरपीच्या काळात रोज काय केलं याची नोंद ठेवा. गेटपास, उत्पादनाचा तक्ता, डिस्पॅचची चलनं, बॉयलरचं लॉगबुक, शिफ्ट इन्चार्जच्या व्हॉट्सॲप सूचना. एका ठिकाणी फक्त सुरक्षारक्षक, बॉयलर अटेंडंट आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट चालवणारे चारजण खर्चाच्या यादीत आले, कारण लॉगबुकवर त्यांच्या रोजच्या सह्या होत्या. बाकीचे गेटवर बसून परत जात होते, ते खाली गेले.

11. नवीन मालकानं कंपनी घेतली. जुना पगार त्याच्याकडून वसूल करता येईल?

त्याच्या मंजूर योजनेत जितकं लिहिलं असेल तितकंच. संहिता किमान हमी देते ती अशी: कंपनी समापनात गेली असती तर कलम 53 खाली तुम्हाला जे मिळालं असतं, त्यापेक्षा कमी देता येणार नाही आणि ते बँकांच्या आधी द्यायचं. पण समापनात तुमच्या वाट्याला शून्यच येणार असेल, तर हमीही शून्याची. प्रश्न 6 मधल्या मॅनेजरचं हेच होतं.

दुसरी बाजू जास्त कठोर आहे. योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेले जुने दावे संपतात. सर्वोच्च न्यायालयानं 13 एप्रिल 2021 च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. गावाला गेलो होतो, पेपर वाचला नाही, ही कारणं त्यानंतर चालत नाहीत.

योजनेवर मत देणाऱ्या धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या समितीत मतं बँकांचीच असतात. मात्र कामगार, कर्मचारी आणि इतर पुरवठादार मिळून एकूण कर्जाच्या 10 टक्के होत असतील, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीला बसता येतं, मत नसलं तरी. बसा. योजनेत कामगारांसाठी किती ठेवलंय ते तिथेच कळतं.

12. आरपीनं माझा दावा अर्ध्यावर आणला. तक्रार कुठे?

आधी कारण लेखी मागा. बऱ्याचदा हिशेबाची चूक निघते आणि ई-मेलवर दुरुस्त होते. नाही झाली तर आरपीच्या टप्प्यात एनसीएलटीकडे कलम 60(5) खाली अर्ज. समापनाच्या टप्प्यात अवसायकाविरुद्ध कलम 42 खाली अपील, आणि तिथे मुदत फक्त 14 दिवसांची. समापन सुरू झाल्यावर 30 दिवसांत पुन्हा दावा मागवला जातो, तेव्हा आधीच्या फॉर्मवर विसंबू नका. आधीचा दावा तपासायची तरतूद आहे, पण तुमची रक्कम तोवर बदललेली असते (प्रश्न 7 चा शेवट).

13. आम्ही कामगारच कंपनीला एनसीएलटीत खेचू शकतो का?

खेचू शकता. पगाराची थकबाकी हे संहितेनुसार ऑपरेशनल कर्ज आहे. आधी मागणीची नोटीस, दहा दिवस वाट, मग कलम 9 खाली अर्ज. युनियनलाही सगळ्यांच्या वतीनं हा अर्ज करता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2019 चा निकाल आहे, कानपूरच्या ज्यूट गिरणीच्या प्रकरणातला. अट एकच मोठी: मार्च 2020 पासून थकबाकी किमान 1 कोटी लागते. एकट्याला अशक्य, शंभर जणांना शक्य.

पण मी हे सहसा सुचवत नाही. कंपनीनं नोटिशीआधीपासून खरा वाद चालू असल्याचं दाखवलं तर अर्ज फेटाळला जातो. आणि जिंकलात, तर तुम्ही स्वतःच त्या उतरंडीत जाऊन बसता, प्रश्न 6 मधल्या बँकेच्या 18 कोटींशेजारी. कंपनी चालू आहे आणि मालक टाळाटाळ करतोय, अशा वेळी नोटिशीचा धाक उपयोगी पडतो. कंपनी खरंच पोकळ झाली असेल तर नाही.

14. कंपनी बुडाली पण संचालक मजेत आहेत. त्यांच्या घरावर जप्ती येईल का?

थकीत पगारासाठी सहसा नाही, कंपनी आणि संचालक कायद्यानं वेगळे. दोन अपवाद आहेत. तुमच्या पगारातून पीएफ कापून तो भरला नसेल तर तो फौजदारी विश्वासघात मानला जातो, आणि कलम 14 ची स्थगिती कंपनीला आहे, संचालकांना नाही. दुसरं, धनकोंना फसवण्यासाठी धंदा चालवला असं आरपी किंवा अवसायकाला आढळलं, तर कलम 66 खाली संचालकांकडून भरपाई मागता येते. तो अर्ज कामगारांनी करायचा नसतो, पण मशिनरी रात्री कोणत्या ट्रकनं गेली हे कामगारांनाच माहीत असतं. ते लेखी कळवा.

15. मी ठेकेदाराकडे होतो. माझा दावा कोणाकडे?

आधी ठेकेदाराकडे, कारण तुमचा मालक तो. बुडालेली कंपनी मूळ मालक असल्यानं, ठेकेदारानं पगार दिला नाही तर देण्याची जबाबदारी तिच्यावर येते. त्या आधारावर फॉर्म डी भरा आणि ठेकेदाराचं नाव लिहा. ठेकेदारही आपल्या बिलाचा वेगळा दावा करतो, त्यात तुमचा पगार असतो. एकच रक्कम दोनदा नको म्हणून आरपी विचारणा करेल, तेव्हा हजेरीपट तुमच्या हातात असलेला बरा.

16. आमचा साखर कारखाना सहकारी आहे. हे सगळं आम्हाला लागू?

उतरंडीचा भाग लागू नाही. सहकारी कारखाना कंपनी नव्हे, 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची संस्था आहे. तो एनसीएलटीत जात नाही. अवसायकाची नेमणूक सहकारी संस्थांचा निबंधक करतो, आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत ते अधिकार साखर आयुक्तालयाकडे आहेत. फॉर्म डी तिथे चालत नाही, दावा त्या अवसायकाकडे साध्या अर्जानं द्यायचा.

पीएफबाबत मात्र कारखान्याच्या कामगारांच्या हातात भक्कम निकाल आहे. मराठवाड्यातल्या कारखान्यांनी पीएफ थकवला आणि गोदामातली साखर तर राज्य सहकारी बँकेकडे तारण होती. साखरेवर आधी हक्क कोणाचा, यावर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2009 मध्ये पीएफच्या बाजूनं कौल दिला, व्याज आणि दंडाच्या रकमेसह. तारण असलं तरी पीएफ आधी.

पगाराला तसं कवच नाही. बँकेनं कारखाना लिलावात काढला की निविदेच्या कागदांत कामगारांच्या देण्यांबद्दल एक कलम असतं: कधी ती खरेदीदारावर टाकलेली असतात, कधी 'आहे तसं, आहे तिथे' म्हणून हात झटकलेले असतात. ती निविदा जाहिरात निघाल्याच्या आठवड्यातच मिळवा आणि ते कलम वाचा. हरकत लिलावाआधी घेतली तर खरेदीदार आपली बोली त्या हिशेबानं लावतो. हातोडा पडल्यावर तो ते कलमच दाखवतो.